टॅलीचे सर्टिफिकेट आणि वीस तारखेचे रिटर्न

भोसरीतले दहा कामगारांचे वर्कशॉप असो, इचलकरंजीतला सूत व्यापारी असो की ठाण्यातला हार्डवेअरचा होलसेलर, हिशेबाला माणूस हवा झाला की जाहिरात साधारण सारखीच निघते : ‘अकाउंटंट पाहिजे. बी.कॉम., टॅली, जीएसटी, एक्सेल. अनुभवी व्यक्तीस प्राधान्य.’ या दीड ओळीत कुठल्याही सर्टिफिकेटचे नाव नसते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या हातात मात्र क्लासेसची पत्रके पडत असतात. टॅली प्राइम विथ जीएसटी, अॅडव्हान्स्ड एक्सेल, ई-अकाउंटिंगचा डिप्लोमा, क्विकबुक्स, झोहो. प्रत्येकाच्या शेवटी एक सोनेरी काठाचे सर्टिफिकेट ठरलेले. त्यातले नेमके कोणते दाखवले की छोट्या धंद्याचे दार उघडते?

याचे उत्तर शोधायचे तर निवड कोण करतो ते आधी बघावे लागते. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या मालकाला बहुधा स्वतःला टॅली येत नाही. तो आलेल्या माणसाचे बोलणे ऐकतो, राहायला कुठे आहे ते विचारतो, पगाराचा आकडा काढतो आणि मग आपल्या सीएला फोन करतो : ‘एक मुलगी आली आहे, जरा बघून घेता का?’ खरी मुलाखत होते ती सीएच्या ऑफिसात, आणि तीही बऱ्याचदा सीए स्वतः घेत नाहीत. तिथला एखादा जुना सीनियर उमेदवाराला संगणकासमोर बसवतो, चार-पाच कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो, ‘एवढ्या एंट्र्या टाका.’ अर्ध्या तासात कौल लागतो. या सीनियरचा स्वार्थही त्यात असतो, कारण नवा माणूस कच्चा निघाला तर वर्षअखेरीस त्याच्या चुका निस्तरायला यालाच बसावे लागते.

म्हणून सर्टिफिकेटचा उपयोग दोन टप्प्यांत मोजावा लागतो. एक, आलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यातून बोलावणे येण्यासाठी. दोन, या अर्ध्या तासात तग धरण्यासाठी. पहिल्या टप्प्यावर कागदावरचे नाव काम करते. दुसऱ्या टप्प्यावर ते सर्टिफिकेट मिळवताना हातून काय करून घेतले गेले होते, तेवढेच कामाला येते.

महाराष्ट्रातल्या छोट्या धंद्यापुरते बोलायचे तर पहिला मान टॅलीचा, आणि त्याला इतिहास आहे. १९८६ साली बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या व्यापाराचे हिशेब ठेवायला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिले. व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासाठी केलेली ही वस्तू सीएंच्या ऑफिसात रुजली आणि तिथून त्यांच्या अशिलांकडे गेली. आज नवा धंदा सुरू करणारा माणूस टॅली घेतो तेव्हा त्यात त्याची स्वतःची निवड थोडीच असते. सीएकडे टॅली आहे, वर्षअखेरीस डेटा त्यांना द्यायचा आहे, मग आपल्याकडेही टॅली.

टॅलीच्या सर्टिफिकेटांत मात्र दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. पहिली, गल्लीतल्या इन्स्टिट्यूटने स्वतःच शिकवून, स्वतःच परीक्षा घेऊन, स्वतःच छापून दिलेली. दुसरी, टॅलीच्याच शिक्षण शाखेने, म्हणजे टॅली एज्युकेशनने, ऑनलाइन परीक्षा घेऊन दिलेली. दुसऱ्या जातीचे सर्टिफिकेट ऑनलाइन पडताळता येते आणि परीक्षा घेणारा हा शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. याखेरीज एमकेसीएलच्या ‘क्लिक’ मालिकेतला टॅलीचा कोर्स गावोगावच्या केंद्रांवर मिळतो, आणि एमएस-सीआयटीमुळे हे नाव तालुक्याच्या ठिकाणीही ओळखीचे आहे. अर्जांच्या गठ्ठ्यात कंपनीचे किंवा एमकेसीएलचे नाव असलेला कागद इन्स्टिट्यूटच्या कागदापेक्षा वर राहतो, एवढे खरे. पण सीएच्या ऑफिसातला सीनियर सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन करत बसत नाही. तो विचारतो, ‘कशावर शिकलात?’

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. टॅली प्राइम लायसन्स न घेता वापरायचे तर ते Educational Mode मध्ये चालते. सराव करणाऱ्याला ते फुकट मिळते, पण त्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांना व्हाउचर टाकता येते : पहिली, दुसरी आणि महिनाअखेर. ज्या क्लासमध्ये याच मोडवर सगळे शिकवले जाते, तिथल्या विद्यार्थ्याच्या हातून सगळी खरेदी एक तारखेला आणि सगळी विक्री दोन तारखेला होते. खऱ्या धंद्यात चेक १२ तारखेला दिलेला असतो, बँकेत १७ तारखेला वटतो, आणि मधल्या पाच दिवसांत बँक खात्याची टॅलीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळत नाही. त्याचा मेळ घालायचा म्हणजे बँक रिकन्सिलिएशन. एक-दोन तारखेच्या जगात शिकलेल्याला हा प्रकार नावापुरता माहीत असतो. त्यामुळे सीनियरच्या चार कागदांपैकी एक बहुधा बँकेचे स्टेटमेंट असते.

उरलेले कागदही ठरलेलेच. मालकाने दुकानाच्या खात्यातून घरच्या विम्याचा हप्ता भरला : नवखा तो ‘इन्शुरन्स’ म्हणून खर्चात टाकतो, जाणता उचल म्हणून मालकाच्या भांडवल खात्याकडे नेतो. गल्ल्यातली रोकड बँकेत भरली : पेमेंट नाही आणि रिसीटही नाही, F4 दाबून कॉन्ट्रा. गिऱ्हाइकाने माल परत केला : विक्रीची एंट्री पुसायची नाही, क्रेडिट नोट काढायची. आणि सगळे टाकून झाल्यावर सीनियर रोजमेळ उघडून तारखेप्रमाणे खाली येतो. कुठल्या एका दिवशी रोख शिल्लक उणे झालेली दिसली तर त्याला पुढे बघावे लागत नाही. गल्ल्यात नसलेले पैसे कोणी खर्च करू शकत नाही. म्हणजे एखादी जमा राहिली आहे किंवा तारीख चुकली आहे. एंट्र्या टाकून झाल्यावर आपणहून रोजमेळ तपासणारा उमेदवार तिथेच वेगळा उठून दिसतो.

टॅलीचे सर्टिफिकेट घ्यायचेच असेल तर फी भरण्याआधी क्लासमध्ये तीन गोष्टी विचाराव्यात. सराव लायसन्स घेतलेल्या टॅलीवर होतो का? निदान एका तिमाहीची खरी वाटावी अशी बिले, बँक स्टेटमेंट आणि पगारपत्रक हातात देऊन पूर्ण हिशेब करून घेतात का? परीक्षा कोण घेते? पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर तिसऱ्याचे उत्तर काहीही असले तरी फार फरक पडत नाही.

एक्सेलच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी आहे. इथे जगभर ओळखले जाणारे एक सर्टिफिकेट आहे : मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्ट, बोलीभाषेत ‘मॉस’. सर्टिपोर्ट ही संस्था आपल्या केंद्रांमार्फत ही परीक्षा घेते. ती ५० मिनिटांची असते, हजारपैकी ७०० गुणांना पास, आणि तीत पर्यायांवर खुणा करून भागत नाही. प्रत्यक्ष एक्सेलमध्ये फाइल उघडून सांगितलेले काम करून दाखवावे लागते. परीक्षा म्हणून ती प्रामाणिक आहे. हिशेबाच्या माणसाने मात्र तिच्या दोन पायऱ्या नीट ओळखून घ्याव्यात.

खालची पायरी ‘असोसिएट’. तीत शीट सजवणे, टेबल करणे, चार्ट काढणे, SUM, AVERAGE, साधे IF आणि मजकुराची काही फंक्शन येतात. वरची पायरी ‘एक्सपर्ट’. VLOOKUP, INDEX-MATCH, SUMIFS आणि पिव्होट टेबल हे सगळे या पायरीवर आहे. म्हणजे खाते सांभाळणाऱ्याला रोज लागणारे एक्सेल नेमके खालच्या पायरीतून वगळलेले आहे. असोसिएटची फी भरून सर्टिफिकेट आणलेला उमेदवार जुळणीच्या पहिल्याच कामाला अडतो, आणि समोरच्याला वाटते की सर्टिफिकेटच खोटे आहे.

एमएस-सीआयटीबद्दलही इथेच बोलून टाकायला हवे. २००१ पासून राज्यात चालू असलेला हा कोर्स सरकारी नोकरीसाठी मागितला जातो, म्हणून तो बहुतेकांकडे असतोच. खाजगी धंद्यात त्याचा अर्थ ‘संगणक सुरू करता येतो’ एवढाच घेतला जातो. तो नसला तर कुणी नाकारत नाही, असला तर कुणी थांबून बघत नाही.

मग छोट्या धंद्यात एक्सेल लागते तरी किती? याचा अंदाज यायला महिन्यातले एकच काम घेऊ, जे टॅली आणि एक्सेल या दोघांच्या मध्ये पडते : खरेदीवरच्या जीएसटीची जुळणी.

नियम असा. धंद्याने खरेदीवर दिलेला कर त्याला विक्रीवरच्या करातून वजा करून मिळतो. पण तो मिळण्यासाठी माल विकणाऱ्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेले असावे लागते. दर महिन्याचे विक्रीचे रिटर्न, जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते. सगळ्या पुरवठादारांनी भरलेल्या माहितीतून १४ तारखेला पोर्टलवर आपल्या नावाचा एक तक्ता तयार होतो, जीएसटीआर-२बी. त्यात जे बिल आहे, त्याचीच वजावट. आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरून कर चुकता करायचा. हाती उरतात सहा दिवस.

समजा, पुण्यातल्या एका इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानाची ऑगस्ट महिन्याची खरेदी चार बिलांची आहे, सगळी १८ टक्के दराची. पहिले बिल क्रमांक ४५७, माल एक लाखाचा, कर १८,०००. दुसरे ११२३, माल ५० हजारांचा, कर ९,०००. तिसरे ८८, माल दोन लाखांचा, कर ३६,०००. चौथे ३१२, माल ४५ हजारांचा, कर ८,१००. टॅलीप्रमाणे वजावट मिळायला हवी ती ७१,१०० रुपये. विक्रीवरचा कर ९० हजार आहे. मालकाला सांगितले गेले आहे की या महिन्यात १८,९०० रुपये भरायचे आहेत.

१४ सप्टेंबरला २बी उतरवून घेतल्यावर त्यात वजावटीचा आकडा निघतो ३७,६२०. फरक ३३,४८० रुपयांचा. आता हिशेबाच्या माणसाचे खरे काम सुरू होते. टॅलीतली खरेदीची यादी एका शीटवर, २बी दुसऱ्या शीटवर, आणि यादीतल्या प्रत्येक बिलासमोर २बीमधला कर आणायचा. A स्तंभात पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, B मध्ये बिल क्रमांक आणि २बीच्या शीटवर E मध्ये एकूण कर असेल, तर सूत्र एवढेच :

```
=SUMIFS('2B'!$E:$E,'2B'!$A:$A,A2,'2B'!$B:$B,B2)
```

दुसऱ्या बिलासमोर ९,००० येतात. जुळले. पहिल्यासमोर शून्य येते, कारण टॅलीत बिल क्रमांक नुसता 457 टाकलेला आहे आणि पुरवठादाराने पोर्टलवर GT/457 लिहिला आहे. बिल तेच, रक्कम तीच. क्रमांक दुरुस्त केला की १८,००० दिसतात. तिसऱ्यासमोरही शून्य, पण इथे २बीत त्या पुरवठादाराचे काहीच नाही. त्याने रिटर्न भरलेले नाही किंवा हे बिल त्यात दाखवलेले नाही. चौथ्यासमोर ८,१०० च्या जागी ९,७२० येतात. मालाच्या रकमांचा फरक काढला तर तो ९,००० निघतो. नऊने भाग जाणारा फरक दिसला की जुन्या मुनिमांचे लक्ष आधी उलटसुलट झालेल्या अंकांकडे जायचे, आणि इथेही तेच झाले आहे : बिल ५४ हजारांचे, टॅलीत पडले ४५ हजार.

इथे अनेक नवखे थांबतात. पण सापडलेल्या चुकांची बेरीज केली तर ३६,००० वजा १,६२०, म्हणजे ३४,३८० होते, आणि फरक तर ३३,४८० चा होता. ९०० रुपये अजून अडलेले आहेत. हेच सूत्र उलट दिशेने, २बीच्या शीटवरून टॅलीच्या यादीकडे चालवले की ते सापडतात : पाच हजारांचे एक कुरियरचे बिल, कर ९००. पुरवठादाराने पोर्टलवर दाखवले आहे, पण कागद ऑफिसात आलाच नाही किंवा कुणाच्या तरी खणात पडून आहे. यादीकडून २बीकडे बघितले तर हे बिल कधीच दिसले नसते. जुळणी दोन्ही बाजूंनी करायची असते, हे मुलाखतीत न सांगता करणारा उमेदवार सीनियरला बहुधा पुरतो.

कुरियरचे बिल शोधून टॅलीत घेतले, बाकीच्या दुरुस्त्या केल्या, तरी वजावट ३७,६२० च्या वर जात नाही. मालकाला १८,९०० ऐवजी ५२,३८० रुपये भरावे लागणार. तिसऱ्या पुरवठादाराने पुढच्या महिन्यात बिल दाखवले की ३६,००० ची वजावट तेव्हा मिळेल, पण आत्ताची तंगी आत्ताच सोसावी लागते. आणि हे १४ तारखेला कळून उपयोग नसतो. दोन लाखांच्या बिलासाठी पुरवठादाराला ८-९ तारखेलाच फोन करून ‘आमचे बिल टाकले का?’ असे विचारणारा माणूस मालकाला महिन्याभराचा पैसा वाचवून देतो.

टॅली प्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत २बीची जुळणी आतच करता येते. तरीही एक्सेल सुटत नाही. बिल क्रमांक दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेले असले की शेवटी माणसालाच बसावे लागते, आणि ‘काय काय राहिले आहे त्याची शीट पाठवा’ असे सीएच्या ऑफिसातून येतेच. एक्सेलमध्येही खाचा आहेत. VLOOKUP च्या शेवटी FALSE लिहायचे राहिले तर ते अंदाजे जुळणी करते आणि चूक न दाखवता चुकीचा आकडा आणून ठेवते. एका शीटवर बिल क्रमांक आकडा म्हणून आणि दुसरीवर मजकूर म्हणून पडला असेल तर दोन्ही 457 डोळ्यांना सारखे दिसतात, पण VLOOKUP ते जुळवत नाही आणि #N/A दाखवते. क्लासमध्ये नव्या एक्सेलवर XLOOKUP शिकलेल्याला ऑफिसातल्या दहा वर्षे जुन्या एक्सेलवर #NAME? बघावे लागते. म्हणून एक्सेलचा कोर्स निवडताना ‘अॅडव्हान्स्ड’ या नावाला भुलण्यापेक्षा लुकअप, SUMIFS आणि पिव्होट हे तिन्ही खऱ्या, घाणेरड्या डेटावर करून घेतात का, हे बघावे. मॉस एक्सपर्ट परवडत असेल तर चांगलेच. तो कागद पुढे एखाद्या मोठ्या कंपनीतही चालतो. छोट्या धंद्यापुरते मात्र ही तीन कामे हाताशी असणे पुरेसे आहे.

टॅली आणि एक्सेल सोडून उरलेल्या सर्टिफिकेटांचा उपयोग धंद्याच्या जातीवर ठरतो. औषधांच्या होलसेलरकडे अनेकदा मार्ग असते, काही व्यापाऱ्यांकडे बिझी, छोट्या दुकानांत व्यापार अॅप, आणि शहरातल्या नव्या कंपन्यांत झोहो बुक्स. यांतल्या कुठल्याच धंद्याचा मालक सहसा त्या सॉफ्टवेअरचे सर्टिफिकेट मागत नाही. ज्याला टॅलीत नावे-जमा कळते तो आठवड्याभरात इथेही रुळतो, हे सीएंना माहीत असते. झोहो बुक्सची फुकट योजना घेऊन घरी महिनाभराचे हिशेब ठेवून बघणे, आणि मुलाखतीत ते दाखवणे, एवढ्याने काम होते.

क्विकबुक्सचे प्रकरण मात्र समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या इंट्युट कंपनीने २०२३ मध्ये भारतातला क्विकबुक्सचा धंदा बंद केला. त्यामुळे इथल्या छोट्या व्यावसायिकाला क्विकबुक्सचे सर्टिफिकेट दाखवण्यात अर्थ नाही. पण पुण्या-मुंबईत अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन ग्राहकांचे हिशेब ठेवणाऱ्या आउटसोर्सिंग फर्म आहेत, आणि तिथे गणित उलटे होते. त्या ठिकाणी टॅलीला फारशी किंमत नाही. क्विकबुक्स ऑनलाइनचे ‘प्रोअॅडव्हायझर’ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कामासाठी झिरो या सॉफ्टवेअरचे सल्लागार सर्टिफिकेट अर्जात उठून दिसते. ही दोन्ही सर्टिफिकेटे त्या कंपन्या स्वतःच ऑनलाइन आणि फुकट देतात. क्लास शिकवण्याची फी घेऊ शकतो, पण ‘सर्टिफिकेटची फी’ म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर तिथे थबकावे. ही सर्टिफिकेटे वेळोवेळी नवी करावी लागतात, तेव्हा तीन वर्षांपूर्वीचा कागद दाखवून भागत नाही.

जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा हाही अनेकांना पडणारा प्रश्न. ‘नासिन’ ही केंद्र सरकारची संस्था ती घेते. दुसऱ्यांची रिटर्ने स्वतःच्या नावावर भरून देण्याचा व्यवसाय करायचा असेल तर ती हवी. नोकरीत मात्र मालकाच्याच लॉगिनवरून आणि मालकाच्याच ओटीपीवर रिटर्न भरले जाते, त्यामुळे ती नसल्याने काही अडत नाही. असली तर अर्जाला वजन नक्की येते, पण काही मालक ती बघून थोडे बिचकतातही : हा माणूस वर्षभरात स्वतःचे ऑफिस थाटणार, असा त्यांचा होरा असतो.

फसवणुकीच्या दोन जागा ठळक सांगायला हव्यात. पत्रकावर ‘आयएसओ प्रमाणित’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीला प्रमाणपत्र मिळाले आहे. कोर्सचा दर्जा किंवा मान्यता त्यातून ठरत नाही. तसेच ‘एमएसएमई, भारत सरकार नोंदणीकृत’. उद्यम नोंदणी ही कुठल्याही छोट्या धंद्याला ऑनलाइन मिळते, किराणा दुकानालाही. ती शिक्षणाची सरकारी मान्यता नव्हे.

तेव्हा हाताशी मर्यादित पैसे असलेल्या उमेदवाराने क्रम असा लावावा : आधी टॅली, पडताळता येईल अशा सर्टिफिकेटसह. मग जुळणीपुरते पक्के एक्सेल, सर्टिफिकेट असो वा नसो. आउटसोर्सिंगमध्ये जायचे असेल तरच क्विकबुक्स किंवा झिरो. आणि अर्जात ‘टॅली प्राइम : ए ग्रेड’ या ओळीच्या खाली आणखी एक ओळ, काय करता येते ते सांगणारी : ‘खरेदी-विक्री, बँक रिकन्सिलिएशन, २बीची दोन्ही बाजूंनी जुळणी, ३बीचा तक्ता तयार करणे.’ सोबत पेन ड्राइव्हवर सरावासाठी उभ्या केलेल्या काल्पनिक दुकानाच्या तीन महिन्यांच्या हिशेबाचा बॅकअप असेल तर बहुतेक सीनियर तो उघडून बघतात. तो डेटा मात्र काल्पनिकच असावा. आधीच्या मालकाची बिले नमुना म्हणून दाखवणारा उमेदवार उद्या आमचीही दाखवेल, हा विचार समोरच्याच्या मनात लगेच येतो.

नोकरी लागली तरी बहुतेक ठिकाणी पहिले दोन-तीन महिने चाचणीचेच असतात, आणि त्या काळात सर्टिफिकेटाबद्दल कुणी विचारत नाही. मालकाच्या डोक्यात तारखा असतात. कापलेला टीडीएस ७ तारखेला सरकारजमा झाला का, ११ ला जीएसटीआर-१ गेले का, १४ ला २बी उतरवून घेतले का, २० ला ३बी भरले का. वीस तारीख चुकली तर करदात्याला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क पडते आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. वरच्या उदाहरणातल्या दुकानाने ५२,३८० रुपये दहा दिवस उशिरा भरले असते तर शुल्क ५०० आणि व्याज साधारण २५८, मिळून साडेसातशेच्या वर भुर्दंड बसला असता. रक्कम फार मोठी नाही, पण ती ‘लेट फी’ या नावाने टॅलीत वेगळी दिसते, आणि मार्चअखेरीस सीए नफा-तोटा पत्रकावर बोट ठेवून मालकाला तिच्याबद्दल विचारतो.